उंचीचा वारसा

एखादे राष्ट्र उंच असले की तो त्याच्या रक्ताचा गुण, असे आपण सहज म्हणून जातो. हॉलंडचा इतिहास या समजुतीस अनुकूल नाही.

आज डच पुरुषाची सरासरी उंची सुमारे 183 सेंटीमीटर असून ती जगात अग्रगण्य आहे. परंतु 1860 च्या सुमारास सैन्यभरतीसाठी मोजलेले डच तरुण सरासरीने 165 सेंटीमीटरच्या आसपास भरत. या आकड्यात एक मेख आहे. अर्धपोटी मुलांची वाढ रेंगाळते व विशीनंतरही चालू राहते. भरतीस आलेले एकोणीस-वीस वर्षांचे सर्वच तरुण पुरते वाढलेले नसत. तेवढी सूट दिली तरी अंतर मोठेच उरते, आणि पाचसहा पिढ्यांत एवढे रक्त पालटत नाही. पालटले ते बालपण. पहिल्या दोनतीन वर्षांत वाढ फार वेगाने होते. त्या काळात मूल वारंवार हगवणीने आजारी पडले, तर अन्न नीट अंगी लागत नाही व वाढ खुंटते. म्हणून आहाराच्या हिशेबात दुधाबरोबर स्वच्छ पाणीही धरावे लागते.

मग आनुवंशाचे काय? जुळ्यांच्या अभ्यासावरून, सुस्थित समाजात व्यक्तीव्यक्तींच्या उंचीतील सुमारे ऐंशी टक्के फरक आनुवंशिक ठरतो. हे खरे, पण तो हिशेब एका समाजापुरताच असतो. एका वसतिगृहात सर्वांना पोटभर जेवण मिळते. तेथे कोण उंच, कोण ठेंगणा, हे बव्हंशी आईबापांवरून ठरेल. दुसऱ्यात सर्वांनाच अर्धे ताट मिळते. तेथेही तसेच ठरेल. परंतु दोन वसतिगृहांमधील फरक मात्र ताटाचाच असेल. देशादेशांची तुलना करताना नेमका हाच भेद विसरला जातो.

याचा पडताळा दिल्लीतही मिळाला आहे. 1997 ते 2003 या काळात जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतील सुस्थित, स्तनपानावर वाढलेली मुले मोजली. दक्षिण दिल्लीची व ऑस्लोची मुले पाच वर्षांपर्यंत जवळजवळ सारखीच वाढलेली आढळली.

तथापि वंशाचा भाग शून्य आहे असे आम्ही म्हणत नाही. जपान संपन्न होऊनही तेथील सतरा वर्षांच्या मुलांची सरासरी 1990 नंतरच्या दशकांत 171 सेंटीमीटरच्या आसपासच स्थिरावली आहे. पोटे भरली की उरलेल्या अंतरात वंशाचा वाटा वाढतो. पण जेवणाच्या रीतीही निराळ्या असल्याने तो किती, हे एका आकड्यात सांगता येत नाही. आपल्याकडील खुरट्या मुलाकडे पाहून 'आमची जातच लहान' म्हणण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे: पाच वर्षांच्या आतील खुरटेपणाचा जाब वंशाला नव्हे, त्याच्या ताटाला व पाण्याच्या घागरीलाच विचारावयाचा असतो.