द्वितीय अवकलज कसोटीची मर्यादा: ऑयलर ते पेआनो (1755–1884)

प्रस्तावना

दोन चलांच्या फलनाचे क्रांतिक बिंदू वर्गीकृत करण्याची कसोटी पदवी वर्गात तयार सूत्ररूपाने शिकविली जाते. ती दोन चुकांच्या दुरुस्तीतून कशी घडली, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

ऑयलर व लाग्रांज

1755 च्या आपल्या ग्रंथात ऑयलरने fxx आणि fyy यांची चिन्हे समान असणे पुरेसे मानले. परंतु f = x² + 4xy + y² हे फलन घेतल्यास आरंभबिंदूशी दोन्ही अवकलजांचे मूल्य 2 आहे. दोन्ही अक्षांवर तेथे लघुतम दिसते; y = −x या रेषेवर मात्र f = −2x² असल्याने महत्तम दिसते. म्हणजेच हा खोगीर बिंदू होय. 1759 मध्ये तूरिन येथील तरुण लाग्रांजने ही उणीव दूर केली. D = fxx·fyy − (fxy)² ही राशी धन असेल तरच महत्तम किंवा लघुतम निश्चित होते, ऋण असेल तर खोगीर बिंदू मिळतो. वरील उदाहरणात D = 4 − 16 = −12.

हे D म्हणजे द्वितीय अवकलजांच्या सारणीचा निश्चायक. ही सारणी ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या हेस्सेने 1844 मध्ये तिचा निश्चायक वापरला तो त्रिघाती वक्रांचे नतिपरिवर्तन बिंदू शोधण्यासाठी. त्याचा हेतू निराळा होता.

पेआनोचे प्रतिउदाहरण

D = 0 असता काय करावे, हा प्रश्न उरला. बिंदूतून जाणाऱ्या प्रत्येक सरळ रेषेवर लघुतम मिळाल्यास फलनाचेही लघुतम असते, अशी समजूत सेरेसारख्या प्रतिष्ठित पाठ्यपुस्तककारांच्या निकषामागे होती. 1884 मध्ये जेनोक्कीच्या नावे प्रसिद्ध झालेल्या कलनशास्त्राच्या ग्रंथात पेआनोने ती खोडून काढली. त्याच्या उदाहरणाचे एक सुलभ रूप असे:

f = (y − x²)(y − 2x²)

आरंभबिंदूशी fxx = 0, fxy = 0, fyy = 2; म्हणून D = 0. y = mx या रेषेवर f = x²(m − x)(m − 2x) होते. m शून्य नसेल तर x पुरेसा लहान असता दोन्ही कंसांचे चिन्ह एकच राहते व f धन राहते. m = 0 असता f = 2x⁴, तर y-अक्षावर f = y². सर्वच रेषांवर लघुतम दिसते.

तथापि y = 1.5x² या अन्वस्तावर f = −x⁴/4. x = 0.1, y = 0.015 घेतल्यास f = −0.000025. आरंभबिंदूच्या कितीही जवळ फलन ऋण होते. तेथे लघुतम नाही. दोन अन्वस्तांमधील अरुंद पट्ट्यात प्रत्येक सरळ रेषा आरंभबिंदूजवळ बाहेरच राहते, म्हणून हा ऋण भाग रेषांना दिसत नाही.

निष्कर्ष

D = 0 असता रेषांवरील पडताळणी लघुतम नाकारू शकते, सिद्ध करू शकत नाही. अशा वेळी f = 0 हे वक्र प्रथम काढून त्यांमधील प्रत्येक भागात फलनाचे चिन्ह तपासावे. वर्गात हे प्रतिउदाहरण वगळल्यास विद्यार्थी 1884 पूर्वीचीच चूक पुन्हा करतो.