६४ पिक्सेलच्या माणसाचं कुळ

मोबाइल गेम बनवायला बसलेल्या नवख्या माणसाला इंटरनेटवर एक चिमुकला माणूस हमखास भेटतो. ६४ बाय ६४ पिक्सेलच्या चौकटीत तो उभा असतो. तो चारही दिशांना चालतो, तलवार फिरवतो, बाण सोडतो आणि शेवटी कोसळतो. केस, सदरा, चिलखत, टोपी असे थर त्याच्या अंगावर एकेक करून चढवता येतात, आणि यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.

पण फुकट म्हणजे बेवारस नव्हे. या माणसाला कुळ आहे, आणि कुळाचे नियम त्याच्या प्रत्येक थरासोबत येतात.

त्याचा जन्म २०१२ सालचा. बार्ट केल्सी यांनी २००९ मध्ये ओपनगेमआर्ट हे मुक्त चित्र-संगीताचं भांडार सुरू केलं होतं. तिथे चित्रं भरपूर जमली, पण एकाचं झाड दुसऱ्याच्या घराशेजारी शोभेना. प्रत्येकाची शैली वेगळी, उजेडाची दिशा वेगळी. त्यावर उपाय म्हणून ओपनगेमआर्ट, क्रिएटिव्ह कॉमन्स, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि मोझिला यांनी मिळून ‘लिबरेटेड पिक्सेल कप’ ही स्पर्धा घेतली. आधी लनेआ झिमरमन, स्टीफन चॅलनर अशा चित्रकारांकडून एक पायाभूत संच आणि शैलीची नियमावली तयार झाली. मग त्याच मापात चित्रं काढण्याची फेरी झाली आणि त्या चित्रांतून गेम बनवण्याची दुसरी. त्या स्पर्धेच्या आद्याक्षरांवरून या चित्रांना आजही ‘एलपीसी’ म्हणतात.

ही सगळी चित्रं एकाच वेळी दोन परवान्यांखाली दिली गेली: `GPL 3.0` आणि `CC BY-SA 3.0`. वापरणाऱ्याने त्यातला कोणताही एक निवडावा. पहिल्याचं मूळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सॉफ्टवेअरसाठी लिहिलेल्या परवान्यात आहे. दुसरा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या घराण्यातला. लॉरेन्स लेसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये पहिले परवाने काढले. `BY` म्हणजे कर्त्याचं नाव द्या. `SA` म्हणजे त्यात बदल करून वाटलंत, तर तो बदलही याच अटींवर सगळ्यांना खुला ठेवा. सदऱ्याचा निळा रंग बदलून भगवा केलात, तर तो भगवा सदराही इतरांना वापरू द्यावा लागतो.

मोबाइलवाल्यांना अडचणीची ठरली ती मात्र या घराण्यातली तिसरी अट, जी नावाच्या अक्षरांत दिसत नाही.

परवाने लिहिले गेले तो काळ गाण्यांना आणि चित्रपटांना डिजिटल कुलपं घालण्याचा होता. खुली दिलेली कलाकृती कुणी कुलूपबंद करून विकली, तर ती खुली राहणार कशी? म्हणून परवान्यात कलम आलं: घेणाऱ्याला मिळालेले हक्क अडतील असं तांत्रिक कुलूप या कृतीला लावायचं नाही. २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं. तिथून उतरणारं प्रत्येक ॲप ॲपलच्या कुलपातच येतं आणि गेम बनवणाऱ्याला ते काढता येत नाही. चित्रकाराने खुलं ठेवलेलं चित्र अशा रीतीने गेमकर्त्याच्या नकळत बंद पेटीत जाऊन बसलं.

मग `GPL` निवडून सुटका होते का? तिथेही ॲप स्टोअरच्या अटी आड येतात. व्हीएलसी हा प्रसिद्ध व्हिडिओ प्लेअर याच परवान्याखाली होता. त्याच्याच एका प्रोग्रॅमरने हरकत घेतल्यावर जानेवारी २०११ मध्ये तो ॲप स्टोअरवरून उतरला. परवान्यांची फेरमांडणी झाल्यावर २०१३ मध्ये तो परत आला.

ओपनगेमआर्टने यावर स्वतःचा मार्ग काढला. `CC BY 3.0` घेऊन त्यातलं कुलपाचं कलम वगळलं आणि `OGA-BY 3.0` हा परवाना तयार केला. यात नाव देण्याची अट आहे, कुलपाची आडकाठी नाही. एलपीसीच्या अनेक चित्रकारांनी आपलं काम नंतर या परवान्याखालीही दिलं. सगळ्यांनी मात्र दिलेलं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

समजा, दोघा मित्रांनी एक गेम केला. नायक एलपीसीचा, जमीन आणि झाडं नेदरलँड्समधल्या केनी यांच्या संचातली, संगीत केव्हिन मॅक्लाउड यांचं. गेममध्ये जाहिराती असतील आणि तो अँड्रॉइड व आयफोन दोन्हींवर जाईल.

केनी यांच्या संचाचं काम सर्वांत सोपं. तो `CC0` खाली आहे. २००९ मध्ये आलेल्या या जाहीरनाम्यात कर्ता आपले हक्क कायदा परवानगी देईल तिथवर सोडून देतो. नाव देणं बंधनकारक नाही, दिलं तर चांगलंच.

नायकाची तपासणी थरागणिक करावी लागते. एलपीसीचे थर जोडून देणाऱ्या जनरेटरसोबत श्रेयांची यादी मिळते. तिच्यात प्रत्येक फाइलपुढे चित्रकारांची नावं, परवाने आणि मूळ पत्ते असतात. शरीर, केस, सदरा आणि बूट `OGA-BY` खालीही आहेत, पण टोपी फक्त `CC BY-SA` आणि `GPL` खाली आहे असं निघालं, तर आयफोनसाठी त्या एका टोपीने अख्खा नायक अडतो. अशा वेळी टोपी बदलावी किंवा तिच्या चित्रकाराला लिहून वेगळी परवानगी मागावी.

संगीताचं श्रेय मॅक्लाउड सांगतात त्याच मजकुरात द्यावं. त्यांच्या एका प्रसिद्ध धूनसाठी ते असं होतं:

```
"Monkeys Spinning Monkeys" Kevin MacLeod (incompetech.com)
Licensed under Creative Commons: By Attribution 4.0 License
http://creativecommons.org/licenses/by/4.0/
```

धून कापून तिचा छोटा तुकडा फिरवत ठेवला असेल, तर बदल केल्याचंही लिहावं लागतं. कुलपाचं कलम याही परवान्यात आहे. मॅक्लाउड पैसे घेऊन वेगळा परवाना देतात, तेव्हा आयफोनच्या आवृत्तीसाठी तो घेणं सरळ पडतं. ज्या धूनवर `NC` ही अक्षरं असतील ती जाहिरातींच्या गेममध्ये घेऊच नये, कारण ती अव्यावसायिक वापरापुरतीच दिलेली असते.

चूक राहिली तर काय, हे आवृत्तीच्या आकड्यावर ठरतं. २०१३ मध्ये आलेल्या `4.0` मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली, तर गेलेला हक्क आपोआप परत मिळतो. एलपीसीच्या `CC BY-SA 3.0` मध्ये ही सवलत नाही. तिथे अट मोडली की परवाना संपतो आणि तो पुन्हा मिळणं कर्त्याच्या मर्जीवर राहतं. म्हणून ‘सीसी आहे’ एवढं टिपून भागत नाही, मागचा आकडाही टिपावा लागतो.

एक धोका परवाना वाचूनही दिसत नाही. विकत मिळणाऱ्या गेममधली चित्रं उपसून कुणी ‘माझी’ म्हणून खुल्या भांडारात चढवतो. दुसऱ्याच्या मालावर त्याने लावलेल्या परवान्याला किंमत नाही. चढवणाऱ्याचं बाकीचं काम याच हाताचं दिसतं का ते पाहावं, चित्राचा उलटा शोध घ्यावा, आणि त्या पानाखालच्या शंका वाचाव्यात.

गेम दुकानात चढवण्याआधी एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. गेमच्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल आणि श्रेयपानावरची प्रत्येक ओळ समोरासमोर ठेवून ताडून पाहावी. ज्या फाइलचा कर्ता, पत्ता आणि आकड्यासह परवाना सापडणार नाही, ती त्या संध्याकाळीच काढून टाकावी.