बारा तारांची परतफेड

१९६५ च्या ‘जानवर’मध्ये शम्मी कपूर आणि राजश्री (आपल्या शांतारामबापूंची लेक) ज्या गाण्यावर नाचतात, त्याची चाल सरळ बीटल्सच्या ‘आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड’वरून उचललेली आहे. संगीत शंकर-जयकिशन यांचं. पडद्यावर मागे गिटारवाले आहेत, त्यांच्या डोक्यावर बीटल्सछाप केसांचे टोपही आहेत. आपल्याकडे उसनवारी अशी उघड असते. पण ज्या अमेरिकेत बीटल्सचं हे वादळ आधी येऊन थडकलं, तिथल्यांनी काय केलं? त्यांनी चाल घेतली नाही, गिटार घेतली. गंमत म्हणजे ती त्यांच्याच घरची होती.

‘आय वॉन्ट टू होल्ड युवर हँड’ १ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेच्या यादीत पहिलं आलं आणि सात आठवडे तिथेच राहिलं. ४ एप्रिलच्या यादीत तर पहिल्या पाचही जागा बीटल्सच्या. बीच बॉइज आणि मोटाऊनच्या सुप्रीम्सनी त्याच वर्षी पहिला क्रमांक मिळवून दाखवला, पण अनेक जुन्या गायकांची दुकानं बसली ती बसलीच.

बीटल्स त्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला आले, तेव्हा रिकेनबॅकर या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचे मालक फ्रान्सिस हॉल एक नवी इलेक्ट्रिक गिटार घेऊन तिथे पोचले. जॉर्ज हॅरिसन आजारी होता, म्हणून गिटार त्याच्या हॉटेलात नेली. सहाऐवजी बारा तारा, दोन-दोनच्या जोड्या. वरच्या दोन जोड्या एकाच स्वरात, बाकीच्या चार जोड्यांत एक तार एक सप्तक वर. कपलरच्या पेटीत एक पट्टी दाबली की वरच्या सप्तकातला तोच स्वर सोबत वाजतो, तसंच हे. इतर बारातारी गिटारींवर वरून खाली छेडताना आधी बारीक तार लागते. रिकेनबॅकरने क्रम उलटा केला. आधी जाड तार लागते, मग बारीक, त्यामुळे नाद भरीव येतो. बारा खुंट्या एका ओळीत लावल्या तर डोकं फार लांब झालं असतं, म्हणून सहा खुंट्या बाजूला आणि सहा मागे वळवलेल्या.

त्या मागच्या खुंट्यांनीच पुढचं सगळं घडवलं. जिम मॅग्विन हा लोकगीतांच्या वर्तुळातला वादक. त्याच्याकडे साधी बारातारी होतीच. ‘अ हार्ड डेज नाइट’ हा चित्रपट पाहताना हॅरिसनच्या हातात त्याला समोरून सहा तारांची वाटणारी गिटार दिसली. हॅरिसन बाजूला वळला आणि मागच्या खुंट्या दिसल्या. मॅग्विनने आपली वाद्यं बदल्यात देऊन त्याच जातीची रिकेनबॅकर मिळवली.

२० जानेवारी १९६५ ला, हॉलिवुडमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत, त्याच्या ‘बर्ड्स’ या चमूने बॉब डिलनचं ‘मिस्टर टॅम्बरिन मॅन’ ध्वनिमुद्रित केलं. कंपनीचा पोरांवर भरवसा नव्हता, त्यामुळे वाद्यांवर बसवले ते भाड्याचे कसलेले वादक. बर्ड्सपैकी फक्त मॅग्विनने वाजवलं, गायला दोघं सोबत. डिलनची चार कडवी होती, यांनी एकच ठेवलं. साडेपाच मिनिटांचं गाणं अडीच मिनिटांच्या आत बसवलं आणि खाली नाचता येईल असा ठेका घातला.

अडचण गिटारचीच होती. या गिटारीचा स्वर छेडल्यावर लवकर विझतो. ध्वनिमुद्रकाने तो कॉम्प्रेसरमधून नेला. हे यंत्र मोठा आवाज दाबतं, मग एकूण पातळी वर उचलता येते आणि विझत चाललेला स्वर लांब ताणला जातो. सुरुवातीचा तो किणकिणाट तिथून आला. नुसती गिटार विकत घेऊन तसं वाजत नाही, हे अनेकांना नंतर कळलं असणार.

गाणं जूनच्या अखेरीस अमेरिकेत पहिलं आलं आणि जुलैत इंग्लंडमध्येही. शब्द डिलनचे, वाद्य कॅलिफोर्नियाचं, पण ते वाजवायची कल्पना लिव्हरपूलच्या पोराकडून आलेली. याला प्रतिकार म्हणणं मला जड जातं. घरातली वस्तू शेजाऱ्याच्या हातात शोभून दिसली म्हणून परत मागितली, इतकंच.

पण हिशोब एवढ्यावर मिटला नाही. डिसेंबर १९६५ च्या ‘रबर सोल’मध्ये हॅरिसनचं ‘इफ आय नीडेड समवन’ आहे. त्यातली बारातारीवरची धून बर्ड्सच्या ‘द बेल्स ऑफ रिम्नी’वरून सुचली, हे त्याने स्वतः मान्य केलं होतं.