डाऊ-सुवर्ण गुणोत्तराचा आलेख : जोखीम-प्रवृत्तीच्या मापकाची ऐतिहासिक चिकित्सा

डाऊ जोन्स औद्योगिक निर्देशांकास एक औंस सोन्याच्या डॉलरमधील भावाने भागले असता जे गुणोत्तर मिळते, त्याचा आलेख गुंतवणूकदारांच्या जोखीम-प्रवृत्तीचा निदर्शक मानला जातो. गुणोत्तर वाढले म्हणजे समभागांवरील विश्वास वाढला आणि घटले म्हणजे लोक सुरक्षिततेकडे वळले, असे त्याचे वाचन केले जाते. मात्र अमेरिकेच्या इतिहासाच्या संदर्भात हे वाचन तपासून घ्यावे लागते.

१९२९ च्या सप्टेंबरात निर्देशांक ३८१ होता आणि सोन्याचा भाव २०.६७ डॉलर; म्हणजे गुणोत्तर १८ हून अधिक. जुलै १९३२ मध्ये निर्देशांक ४१ वर आला आणि गुणोत्तर २ झाले. परंतु या काळात सोन्याचा भाव कायद्याने बांधलेला असल्याने आलेखात दिसते ती केवळ समभागांची घसरण. सोन्याकडे लागलेली रीघ भावात नव्हे, तर बँकांच्या घटत्या सुवर्णसाठ्यात दिसत होती. एप्रिल १९३३ मध्ये नागरिकांना सोने सरकारजमा करण्याचा आदेश निघाला. जानेवारी १९३४ च्या अखेरीस भाव ३५ डॉलर ठरविण्यात आला. त्या वेळचा सुमारे १०७ हा निर्देशांक जुन्या भावाने ५.२, तर नव्या भावाने ३.१ असे गुणोत्तर देतो. ही घट कोणाच्याही मनातील भीतीमुळे झाली नाही, ती कायद्याने झाली. खासगी मालकीवरील बंदी १९७४ च्या अखेरपर्यंत टिकली. जेथे निवडीचे स्वातंत्र्यच नाही, तेथे प्रवृत्ती मोजणार कशी?

१९६६ ते १९८० हा कालखंड अधिक बोलका आहे. फेब्रुवारी १९६६ मध्ये निर्देशांक ९९५ आणि गुणोत्तर २८ होते. ऑगस्ट १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरची सोन्यातील परिवर्तनीयता थांबविली. २१ जानेवारी १९८० रोजी लंडनमध्ये सोने ८५० डॉलरवर पोहोचले. त्या दिवशी निर्देशांक सुमारे ८७३ होता. गुणोत्तर जेमतेम १ वर आले. या चौदा वर्षांत निर्देशांक केवळ १२ टक्के घटला, सोने मात्र चोवीसपट झाले. निर्देशांक ९९५ वरच राहिला असता तरी गुणोत्तर १.२ च्या आसपासच आले असते. अर्थात चलनवाढीने समभागांचे वास्तव मूल्यही पोखरले होते. तथापि त्याच काळात दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचे व्याजदर दुपटीहून अधिक वाढले, म्हणजेच रोख्यांचे भाव कोसळले. लोक केवळ जोखमीपासून नव्हे, तर डॉलरपासूनच दूर जात होते.

याउलट ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात निर्देशांक १४,१६४ वरून ६,५४७ वर आला, सोने सुमारे ७४० वरून ९२० डॉलरवर गेले आणि गुणोत्तर १९ वरून ७ झाले. या वेळी रोख्यांचे व्याजदर घटले. भयभीत पैसा सोन्याइतकाच सरकारी रोख्यांकडेही धावला. जोखीम टाळण्याचे खरे चित्र ते हेच. आलेखावरील दोन्ही उतार सारखेच दिसतात. त्यांतील भेद रोख्यांचा व्याजदर शेजारी मांडल्यावरच कळतो.

शिवाय या निर्देशांकात लाभांश धरलेला नसतो आणि सोने लाभांश देत नाही. त्यामुळे दीर्घकालीन तुलनेत हा आलेख समभागांना सतत कमी लेखतो.