ओळी तोडणारा संत

नेवाशाच्या ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, गीतेवरील टीका सांगितली असे परंपरा मानते, तो पैस खांब आपल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात आजही उभा आहे. पण त्या ग्रंथाच्या जुन्या पोथ्या पाहिल्या, तर काव्य कोठेच दिसत नाही. दिसतात त्या पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग धावणाऱ्या ओळी. ओवी संपली की दोन दंड, आणि लगेच पुढची ओवी. तरीही वाचणारा अडखळत नसे. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक असते आणि चौथा चरण आखूड असतो, एवढी खूण कानाला पुरेशी होती. डोळ्यांना गद्य, कानाला काव्य असा तो व्यवहार होता.

आता याच्या नेमका उलट व्यवहार पाहू. मजकूर गद्य आहे, यमक नाही, मात्रांचा हिशेब नाही. पण तो कवितेसारखा ओळी पाडून लिहिला आहे. शब्द एकही बदललेला नाही. हा प्रकार आपल्याला आधुनिक मुक्तछंदवाल्यांचा वाटतो. १९३६ साली आयरिश कवी येट्स यांनी आपल्या इंग्रजी काव्यसंग्रहाच्या आरंभी वॉल्टर पेटर यांच्या मोनालिसावरील गद्य उताऱ्याला ओळी पाडून कवितेचे स्थान दिले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. परंतु ही युक्ती त्यापूर्वी दीड हजार वर्षे एका संताने बेथलेहेमात बसून वापरली होती, आणि त्याचा हेतू कवितेचा मुळीच नव्हता.

संत जेरोम इ. स. ३९० च्या सुमारास यशयाचे पुस्तक हिब्रूतून लॅटिनमध्ये आणत होते. त्या काळी लॅटिन ग्रंथ दोन शब्दांत जागा न सोडता लिहीत. विरामचिन्हे जवळजवळ नसत. आपल्याकडेही पोथीत शब्द जोडूनच लिहिले जात, आणि आजच्या रूपातील विरामचिन्हे मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीने. अशा सलग मजकुरात कोठे थांबायचे हे शिकलेला वाचक आधी घरी तयारी करून ठरवी. न शिकलेला भर सभेत फसे. वक्तृत्वाच्या शाळांत डेमॉस्थेनिस आणि सिसेरो यांची भाषणे विद्यार्थ्यांसाठी तुकडे पाडून लिहिण्याची पद्धत होती. मोठ्या तुकड्याला ‘कोलोन’ म्हणजे अवयव, आणि लहान तुकड्याला ‘कोम्मा’ म्हणजे कापलेला भाग, असे म्हणत. (आपला ‘कॉमा’ तेथूनच आला, पूर्वी तो चिन्ह नव्हता, शब्दांचा तुकडाच होता.) जेरोम यांनी ही शाळेतली सोय पवित्र शास्त्राला लावली, आणि प्रस्तावनेत वाचकाला बजावले की ओळी दिसतात म्हणून हे छंदोबद्ध आहे असे समजू नये, ही मांडणी वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. पुढे सहाव्या शतकात कासिओडोरस यांनी लिहून ठेवले की जेरोम यांनी हे केले ते ज्यांनी विरामांचे शास्त्र शिकलेले नाही अशा साध्या बंधूंसाठी.

गंमत अशी की १७५३ साली रॉबर्ट लोथ या इंग्रज विद्वानाने हिब्रू काव्याचे लक्षण प्रथम नीट उलगडून दाखविले. तेथे एक विधान आणि त्याला जोडीचे दुसरे विधान, अशी अर्थाची जोडओळ असते. म्हणजे यशयाचा बराच भाग मुळात काव्यच! जेरोम यांनी श्वासाच्या आणि अर्थाच्या जागी तोडले, तेव्हा त्यांच्या नकळत अनेक ठिकाणी मूळ काव्याच्या ओळी वर आल्या.

पण तोडायचे कोठे? यासाठी मराठीत एक साधे वाक्य मी स्वतःच रचले आहे. ‘बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली तेव्हा आजीने घरातली शेवटची घागर उचलून आजारी शेजारणीच्या दारात नेऊन ठेवली आणि ती कोणाला काही बोलली नाही.’ एकवीस शब्द आहेत. मोठ्याने वाचले की ते असे पडते :

बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली तेव्हा
आजीने घरातली शेवटची घागर उचलून
आजारी शेजारणीच्या दारात नेऊन ठेवली
आणि ती कोणाला काही बोलली नाही.

मराठीत क्रियापद शेवटी येते. म्हणून जीभ स्वाभाविकपणे क्रियापदानंतर, ‘उचलून’सारख्या ऊन-प्रत्ययान्त शब्दानंतर, किंवा ‘आणि’, ‘की’, ‘पण’ यांच्या आधी विसावते. ‘तेव्हा’ पहिल्या ओळीच्या शेवटी ठेवले तर ते काळ सांगते. दुसऱ्या ओळीच्या आरंभी नेले तर आजीच्या कृतीवर भर येतो. दोन्ही चालतील, पण निवड करावी लागते, आणि निवड म्हणजे अर्थ लावणेच. एकही शब्द न बदलता आपण मजकुरात हात घातलेला असतो.

आता वहीच्या रुंदीप्रमाणे ओळी पडल्या तर काय होते पाहा. दुसरी ओळ ‘घागर उचलून आजारी’ अशी संपली, तर ऐकणाऱ्याला क्षणभर वाटते की घागर उचलल्याने आजीच आजारी पडली. विशेषण आपल्या नामापासून तुटले की ते जवळच्या कोणालाही जाऊन चिकटते. त्याहून वाईट म्हणजे शेवट : ‘कोणाला काही बोलली’ येथे ओळ संपली आणि ‘नाही’ खाली गेले. मराठीत नकार शेवटी येतो. तो ओळीखाली ढकलला की वाचक आधी होकार वाचतो आणि मग घाईने तो मागे घेतो. एका मिस्सेच्या वेळी पहिले वाचन करताना पान उलटण्यापूर्वी मी असाच थांबलो होतो. ‘नाही’ पलीकडच्या पानावर होते. पुढच्या बाकावरच्या एका बाई दचकून वर पाहू लागल्या, ते मी अजून विसरलेलो नाही.

परीक्षा दोन आहेत. प्रत्येक ओळ सुटी वाचावी. ती अपुरी असली तरी चालेल, खोटी असता कामा नये. मग साऱ्या ओळी पुन्हा जोडाव्यात. मूळ वाक्य जसेच्या तसे परत आले पाहिजे.

सर्वच गद्य याला वश होत नाही. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या ते चौदाव्या वचनापर्यंत ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे. ग्रीकमध्ये क्रियापद आधी येऊन पुढची उपवाक्ये एकामागून एक लोंबत राहू शकतात. मराठीत तेच वाक्य अखंड ठेवले तर क्रियापद येईपर्यंत श्रोता सुरुवात विसरतो. तेथे ओळी तोडून भागत नाही, भाषांतरकाराला वाक्येच तोडावी लागतात. म्हणजे शब्द बदलतात, आणि हा खेळ संपतो.

आणि ही मांडणी महाग पडे. आठव्या शतकाच्या आरंभी उत्तर इंग्लंडमधील वेअरमथ-जॅरो मठात चर्मपत्रावर संपूर्ण बायबल याच पद्धतीने लिहिले गेले. हजाराहून अधिक पाने आणि सुमारे ३४ किलो वजनाचा तो ग्रंथ आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. त्यात लहान ओळींपुढे कोरी जागा सोडलेली दिसते, आणि ती प्रत्येक कोरी जागा वासराच्या कातड्याची आहे. मठाधिपती सिओलफ्रिथ तो ग्रंथ पोपमहोदयांना अर्पण करण्यासाठी ७१६ साली रोमला निघाले. वाटेत फ्रान्समध्ये लांग्र येथे त्यांचे निधन झाले.

आमच्याकडे वाचनाचे कागद शनिवारी संध्याकाळी हाताने उतरवून घेतात. गेल्या काही वर्षांपासून मी ते ओळी तोडून उतरवतो. पूर्वी एका पानावर मावणारे वाचन आता दीड पान घेते.