फ्लॅशच्या गादीवर नवा माणूस

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना वारसदार नायक नवा नाही. ली फॉकचा वेताळ १९३६ साली अवतरला तोच मुळी एकविसावा म्हणून. कवटीगुहेत बापामागून मुलगा शपथ घेतो आणि जंगलाला वाटते, हा तोच अमर पुरुष. आधीच्या वीस वेताळांवर आपला जीव जडलेलाच नव्हता, मग रुसणार कोणासाठी?

अमेरिकेच्या डीसी कॉमिक्समधल्या फ्लॅशचे तसे नव्हते. १९५६ पासून वाऱ्यासारखा धावणारा बॅरी अ‍ॅलन वाचकांच्या घरचाच झाला होता. १९८५ च्या 'क्रायसिस'मध्ये विश्व वाचवताना तो मेला आणि त्याचा लाल पोशाख चढवला वॉली वेस्टने. हा वॉली काही उपरा नव्हे. १९५९ पासून किड फ्लॅश म्हणून तो बॅरीच्या मागे धावत होता. तरीही लेखकांनी त्याला लगेच बॅरीच्या तोडीचा केले नाही. त्याचा वेग ध्वनीच्या आसपास अडखळू लागला, धावून झाले की त्याला राक्षसी भूक लागे आणि स्वभावही थोडा उथळच होता. 'बॅरीची सर याला नाही' असे वाचक म्हणत, आणि ते खोटेही नव्हते.

मार्क वेड या लेखकाने १९९३ मध्ये हाच आक्षेप कथेत घातला. बॅरी परत येतो, सारे शहर आनंदते आणि वॉली ओशाळतो. पण आलेला माणूस बॅरी नसतोच, तो बॅरीचा जुना वैरी प्रोफेसर झूम असतो! त्याच्याशी झुंजताना वॉलीला उमगते की आपला वेग अडला आहे तो भीतीने. आपण बॅरीइतके धावलो तर बॅरीची जागा खरोखरच घेऊ, मग तो कायमचा गेला, ही ती भीती. वाचकाच्या मनातही तेच होते, असे मला वाटते. ती गाठ सुटली आणि वॉली सर्वार्थाने फ्लॅश झाला.

पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, ग्रीन लँटर्नच्या बाबतीत उलटे घडले. शहर उद्ध्वस्त झाल्याने वेडापिसा झालेला हॅल जॉर्डन आपल्याच साथीदारांच्या जिवावर उठला आणि शेवटची अंगठी काइल रेनर या अनोळखी चित्रकाराच्या हाती पडली. हॅलच्या चाहत्यांनी त्याच्या पुनरागमनासाठी चक्क संघटना काढली. काइलचा त्यात काय दोष? पण बॅरीला वीरमरण आले होते, हॅलला मात्र कलंक लावून घालवले होते. तो राग काइलने सोसला, आणि तरी पुढची दहा वर्षे त्याने ती अंगठी सांभाळली, स्वतःचे वाचकही मिळवले.

२००८ मध्ये खरा बॅरी परतला. आता कुरकुर करणारे होते ते वॉलीवर वाढलेले वाचक! २०११ मध्ये डीसीने सारा इतिहास नव्याने मांडला, त्यात हा वॉली नाहीसाच झाला. २०१६ मध्ये तो परतला तेव्हा त्याची बायको लिंडासुद्धा त्याला ओळखेना. शेवटी निरोप घ्यायला तो बॅरीकडे गेला. बॅरीला त्याचे नाव आठवले, आणि हात धरून त्याला बाहेर ओढले ते बॅरीनेच.