दुग्धज्वर व कितनबाधा

जास्त दूध देणाऱ्या गायींना विण्याच्या सुमारास होणारे चयापचयाचे दोन विकार. दुग्धज्वर हे नाव फसवे आहे. यात ताप नसतो, उलट कान व पाय थंड पडतात. दहा लिटर चिकात सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम जाते, तर गायीच्या रक्तात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम असते. ही तूट हाडांतून वेळेत भरून निघाली नाही, तर व्याल्यानंतर बहुधा ७२ तासांत गाय लडखडते, बसते आणि मान वळवून डोके कुशीवर ठेवते. तिसऱ्या वेतापुढील गायी, विशेषतः जर्सी, अधिक बळी पडतात. बसलेल्या गायीला तोंडाने काही पाजू नये, ते फुप्फुसात जाते. पशुवैद्य शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट अगदी सावकाश देतात, कारण घाईने हृदय बंद पडू शकते.

भाकड काळाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघास व कॅल्शियमचे मिश्रण भरपूर दिल्यास हाडांतून कॅल्शियम काढण्याची यंत्रणा मंदावते. म्हणून तेव्हा ते टाळावे, व्याल्यावर मात्र द्यावे.

दुग्धज्वराने खाणे घटलेली गाय पुढे कितनबाधेकडे झुकते. दुधासाठी लागणारी ऊर्जा चाऱ्यातून मिळत नसल्याने शरीरातील चरबी वितळते व रक्तात कीटोन साठतात. पहिल्या सहा आठवड्यांत गाय आंबोण सोडून नुसता कडबा चघळू लागली, दूध उतरले आणि श्वासाला गोडसर वास आला, तर हाच संशय घ्यावा. विताना गाय फार लठ्ठ नसावी. खुराक हळूहळू वाढवावा.